पडद्यावरच्या पांच ओळी

२०२३ सालच्या जून महिन्यांतली गोष्ट. मृग कोरडा चालला होता, पेरण्या खोळंबल्या होत्या, आणि लासूर स्टेशनच्या पेठेंत सरकीच्या बियाण्याचीं पाकिटें दुकानांच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांची वाट पाहत पडलीं होतीं. अशा एका दुपारीं आमचा एक जुना विद्यार्थी, जो तेव्हां जवळच्या कांहीं गांवांचा कृषिसहायक होता, संगणक बगलेंत मारून आमच्या ओटीवर आला. “गुरुजी, बत्तीस स्लाइडा आहेत. सगळ्या इंग्रजींत. शेतीशाळेंत गांवकऱ्यांना दाखवायच्या आहेत. तेवढें मराठी करून द्या. आपल्याला काय, दोन दिवसांचें काम!” आम्हांसही तें तसेंच वाटलें. उभा जन्म संस्कृत व मराठी शिकविण्यांत गेलेल्या माणसास बत्तीस पानांचें, आणि तेंही पानास जेमतेम सहा-सात ओळींचें, भाषांतर म्हणजे काय मोठें? त्या दोन दिवसांचे पुढें अडीच महिने झाले. त्यांत जें आमच्या पदरीं पडलें, तें वाचकांपुढें ठेवावें म्हणून हा लेख. हल्लीं घरोघरच्या मुलांसुनांवर अशीं कामें येऊन पडतात, असें आम्ही पाहतों.

विषय कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा होता. ही अळी आमच्या भागास नवी नाहीं. बीटी कपाशी आल्यावर कांहीं वर्षें तिचा विसर पडला होता; पण अळी त्या बियाण्यास सरावली आणि २०१७ सालीं महाराष्ट्रांतील कपाशीचें तिनें अतोनात नुकसान केलें. तिची खोड अशी कीं, अंड्यांतून निघालेली अळी थोड्याच वेळांत कळींत किंवा बोंडांत शिरते, आणि एकदां आंत शिरली म्हणजे वरून केलेल्या फवारणीचा थेंब तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. बोंड बाहेरून हिरवेंगार दिसतें आणि आंत सरकी पोखरली जात असते. म्हणून फवारणी कोणत्या दिवशीं करावयाची, हाच सगळा प्रश्न. चार दिवस आधीं केली तर पैसे पाण्यांत, चार दिवस उशिरां केली तरी पैसे पाण्यांतच. हा दिवस ओळखण्याच्या खुणा ज्या स्लाइडेवर होत्या, तिच्यापुरतेंच आम्ही येथें बोलणार आहों. कारण बाकीच्या एकतीस स्लाइडांनीं मिळून आम्हांस जेवढें शिकविलें नाहीं, तेवढें त्या एकीनें शिकविलें.

आमचें पहिलें भाषांतर शुद्ध होतें, यांत शंका नाहीं. त्यांतली एक ओळ येथें देतों: “गुलाबी बोंडअळीच्या नियंत्रणाकरितां रासायनिक कीटकनाशकाच्या फवारणीचा निर्णय आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली गेल्यानंतरच घेण्यांत यावा.” अशा सहा ओळी. टंकन करीत असतां मजकूर चौकटींत व्यवस्थित बसत गेला, म्हणून आम्ही निश्चिंत होतों. तो बसत कसा गेला, हें पुढें कळलें. पॉवरपॉइंटमध्यें Shrink text on overflow म्हणून एक सोय असते. मजकूर चौकटीबाहेर जाऊं लागला कीं यंत्र कांहीं न बोलतां अक्षर लहान करतें. इंग्रजी अक्षर अठ्ठावीस पॉइंटांचें होतें. आमचें मराठी कधीं सोळावर येऊन पोंचलें, तें आम्हांस कळलेंही नाहीं. देवळाच्या सभामंडपांत प्रोजेक्टर लावला, तेव्हां पुढच्या दोन रांगांच्या मागें बसलेल्या कोणासही अक्षर लागेना. मागून एक म्हातारे गृहस्थ शांतपणें म्हणाले, “गुर्जी, मुंग्या दिसू ऱ्हायल्यात.” त्या रात्रीं आम्ही पहिली गोष्ट केली ती ही कीं, प्रत्येक चौकटींत Do not Autofit ही खूण करून टाकली. आतां मजकूर जास्त झाला तर तो उघड उघड चौकटीबाहेर लोंबतो. लोंबलेला बरा, तो दिसतो तरी.

इंग्रजी जेवढ्या जागेंत मावतें तेवढ्या जागेंत मराठी मावत नाहीं, याचें खापर आपण बहुधा मराठीच्या शब्दसंपत्तीवर फोडतों. खरें कारण पुष्कळसें लिपींत आहे. रोमन अक्षर एका पट्टींत चालतें. देवनागरीला वर मात्रा, वेलांटी, रफार. खालीं उकार आणि जोडाक्षरांचे पाय. त्यामुळें एका ओळीला उंची अधिक लागते. आम्ही स्वतः मोजून पाहिलें: ज्या चौकटींत इंग्रजीच्या दहा ओळी सुखानें राहत, तींत त्याच आकाराच्या देवनागरीच्या आठच राहिल्या. ओळींमधलें अंतर बळेंच कमी केलें तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटींत अडकतो, आणि “नुकसान” या शब्दाचा उकार नाहींसा होऊन भलतेंच कांहीं वाचलें जातें. दुसरें असें कीं, आपल्या लांब सामासिक शब्दांस मध्यें तोडण्याची सोय नाहीं. अरुंद चौकटींत “कीटकनाशकप्रतिकारक्षमता” असा शब्द आला तर तो सगळाच्या सगळा खालच्या ओळींत उडी मारतो व वर अर्धी ओळ ओस पडते. आणि चौकटीहूनही लांब असला तर यंत्र तो वाटेल त्या अक्षरावर तोडतें. समासाची हौस आम्हांस फार. ती येथें महागांत पडली.

शेवटच्या रांगेंतून वाचतां येईल असें अक्षर बत्तीस पॉइंटांचें ठरलें. त्या आकारानें मथळा सोडून पांच ओळी, आणि ओळींत फार तर वीस-बावीस अक्षरें. वर दिलेल्या आमच्या त्या एका ओळींत साठाच्या वर अक्षरें होतीं.

आतां शब्द कोठून कापावयाचे? आम्हीं प्रथम हात घातला तो पारिभाषिक शब्दांस, आणि ती चूक होती. पारिभाषिक शब्द कापला कीं अर्थच कापला जातो. तो बदलावयाचा तर एकाच कारणासाठीं: लोकांच्या तोंडीं त्याहून नेमका शब्द असेल तर. इंग्रजी स्लाइडेवर ‘रोझेट फ्लॉवर’ असें होतें. अळीनें पाकळ्या आंतून जाळ्यानें जखडल्यामुळें जें फूल उमलत नाहीं, मिटल्या गुलाबासारखें दिसतें, तें. आम्हीं “गुलाबसदृश अविकसित पुष्प” असें लिहून ठेविलें होतें. कृषिसहायकानें तें वाचलें, हंसला नाहीं एवढी त्याची सभ्यता, आणि म्हणाला, “गुरुजी, याला डोमकळी म्हणतात.” चार अक्षरें! पुढें ‘रॅटून’, म्हणजे वेंचणी संपल्यावरही पाणी-खत देऊन तीच पऱ्हाटी उभी ठेवून घेतलेलें पीक. त्याला आमच्याकडे “फरदड” म्हणतात, आणि ‘कपाशीचें पीक वाढीव मुदतीपर्यंत ठेवण्यांत येऊं नये’ या सबंध वाक्याचें “फरदड घेऊं नका” एवढेंच होतें. येथें शब्द तर वांचलेच, पण ‘ठेवण्यांत येऊं नये’ हें कचेरीचें क्रियापद जाऊन त्या जागीं साधी आज्ञा आली. ‘नका’ म्हटल्यानें कोणाचा अपमान होत नाहीं. अहोजाहोचें रूप तें आहेच.

उलट बाजूचेंही सांगितलें पाहिजे. कपाशीच्या कोवळ्या कळीला इंग्रजींत ‘स्क्वेअर’ म्हणतात. कोणा एकाचें जुनें भाषांतर आमच्या पाहण्यांत आलें, त्यांत “चौकोनांची गळ थांबवा” असें छापलें होतें! कपाशीला चौकोन लागत नाहींत; पातीं लागतात, मग फुलें, मग बोंडें. कोश उघडण्यापूर्वीं बांधावर जाऊन विचारावें, तें एवढ्यासाठीं.

आणि कांहीं शब्दांस मात्र हातच लावूं नये. कडुलिंबापासून केलेलें औषध बाजारांत ३०० पीपीएम, १५०० पीपीएम, १०,००० पीपीएम अशा निरनिराळ्या तीव्रतेचें मिळतें. आम्हीं उत्साहानें ‘पीपीएम’चें “दशलक्षांश” केलें. शेतकरी तो शब्द घेऊन दुकानांत गेला असता, तर बाटलीवर त्यास तो कोठेंच दिसला नसता. जो शब्द वस्तूच्या वेष्टनावर छापलेला आहे, तो स्लाइडेवर त्याच रूपांत राहिला पाहिजे. मग तो संस्कृत असो, इंग्रजी असो, कीं नुसतीं दोन आद्याक्षरें असोत. “कामगंध सापळा” हा शब्द आम्हांस स्वतःला फार आवडतो. नर पतंगास मादीच्या गंधानें भुलवून पकडणाऱ्या साधनास याहून चांगलें नांव सुचणार नाहीं. पण तो ठेविला तो आवडीखातर नव्हे, तर दुकानदार, पुस्तिका आणि शेतकरी तिघेही तोच शब्द वापरतात म्हणून.

मग जागा कोठून काढावयाची? येथें आमचें जुनें शिक्षण कामास आलें. व्याकरणकारांस अर्धी मात्रा वांचली तरी पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी त्यांची थट्टा केली जाते. पण ती मात्रा ते वांचवितात कशी? पाणिनीच्या सूत्रांत एकदां आलेलें पद पुढच्या सूत्रांत पुन्हां उच्चारलें जात नाहीं, तें मागून चालत येतें. याला अनुवृत्ति म्हणतात. कांहीं सूत्रें तर केवळ मथळ्यासारखीं असतात; त्यांचा अधिकार पुढच्या अनेक सूत्रांवर चालतो. आमच्या ध्यानांत आलें कीं, स्लाइडेचा मथळा हें असेंच अधिकारसूत्र आहे. “गुलाबी बोंडअळी: फवारणी केव्हां?” असा मथळा एकदां दिला कीं खालच्या ओळींत “गुलाबी बोंडअळीच्या नियंत्रणाकरितां”, “फवारणीचा निर्णय”, “घेण्यांत यावा” यांपैकीं कशाचीच गरज उरत नाहीं. साठ अक्षरांपैकीं अठ्ठावीस तेथेंच गेलीं, आणि एकही पारिभाषिक शब्द मेला नाहीं. सूत्राला भाष्य लागतें, तसें स्लाइडेला बोलणारा माणूस असतो. उरलेलें त्यानें सांगावयाचें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें कांचेवरच्या रंगीत चित्रांचे दिव्याचे खेळ केले, त्यांत कथा सांगणारा पडद्याशेजारीं बोलत असे. हल्लींच्या वक्त्यानें पडद्याकडे तोंड करून सगळा मजकूर वाचून दाखवावा आणि ऐकणाऱ्यानेंही तोच वाचीत बसावें, हा काय प्रकार आहे, तें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

असो. या रीतीनें ती स्लाइड आम्हीं नव्यानें लिहिली, आणि लाघवाच्या आनंदांत मर्यादा ओलांडली. मूळांत सांगितलें होतें तें असें: कामगंध सापळ्यांत दर सापळ्यास दर रात्रीं सरासरी आठ पतंग, असे सलग तीन रात्री सांपडले, तर फवारणीची वेळ आली. आम्हीं त्याचें केलें: “८ पतंग, ३ रात्री: फवारा.” केवढें सुटसुटीत! सभामंडपांत कृषिसहायकानें तोंडानें सगळें नीट समजावून सांगितलें, लोकांनीं माना डोलविल्या, आणि अनेकांनीं आपापल्या फोनवर पडद्याचें चित्र टिपून घेतलें. तें चित्र त्याच रात्रीं शेजारच्या वस्तीवर गेलें. तेथें भाष्यकार नव्हता. आठवड्यानें एक शेतकरी कृषिसहायकास घेऊन आमच्याकडे आला. दोन एकर कपाशी, सापळे चार. तिन्ही रात्रींचे आणि चारही सापळ्यांचे मिळून आठ पतंग झाले, म्हणून त्यानें फवारणी उरकून टाकली होती. “लिवलंय तसंच केलं ना जी?” तो म्हणाला. त्याचें बरोबर होतें. चार सापळे आणि तीन रात्री, म्हणजे शहाण्णव पतंग झाल्यावर जी वेळ यावयाची, ती आमच्या ओळीनें आठांवरच आणिली होती. औषध, मजुरी, सगळें वायां गेलें. आणि त्याहून वाईट म्हणजे पुढें खरोखर पतंग वाढतील तेव्हां पुन्हां खर्च करण्याची त्याची तयारी राहील कीं नाहीं, हा घोर आम्हांस लागून राहिला. त्या औषधाचे पैसे आम्हीं देऊं केले. त्यानें घेतले नाहींत.

तेव्हांपासून आम्ही एक गोष्ट पाळतों. ज्या ओळींत आंकडा आहे, ती ओळ एकटी उभी राहतां आली पाहिजे. इतर ओळींनीं मथळ्यावर रेलून बसावें. आंकड्याच्या ओळीस ती मुभा नाहीं. ‘दर’, ‘सलग’, ‘पैकीं’, ‘एकरीं’ हे शब्द दिसावयास क्षुल्लक, पण आंकड्याचा अर्थ त्यांच्यांत असतो, म्हणून ते शेवटपर्यंत कापावयाचे नाहींत. तपासण्याची रीतही सोपी आहे. ओळ एका चिठ्ठीवर वेगळी लिहावी, विषय न सांगतां घरांतल्या कोणाच्या तरी हातीं द्यावी आणि विचारावें, “यावरून तूं काय करशील?” आमच्या घरांत हें काम धाकट्या सूनबाईंनीं केलें. त्यांनीं “२० बोंडांत २” ही ओळ वाचून विचारलें, “दोन काय? अळ्या कीं बोंडें? आणि बोंडें झाडावरचीं कीं खालीं पडलेलीं?” आम्ही निरुत्तर झालों. वास्तविक एकरांत निरनिराळ्या झाडांवरचीं वीस हिरवीं बोंडें तोडून फोडावयाचीं आणि त्यांत दोन किडकीं निघालीं, म्हणजे शेंकडा दहा, तर फवारावयाचें.

एक गांठ मात्र याहून अवघड होती, आणि ती आर्थिक नुकसानीच्या पातळीची. इंग्रजींत दोन वेगळ्या संज्ञा आहेत. एक, ज्या पातळीला किडीनें केलेलें नुकसान बंदोबस्ताच्या खर्चाइतकें होतें ती. आणि दुसरी, तिच्या अलीकडची, जिथें हालचाल सुरू केली तर कीड त्या पहिल्या पातळीपर्यंत पोंचत नाहीं ती. स्लाइडेवर होती ती दुसरी, ‘इकॉनॉमिक थ्रेशोल्ड लेव्हल’. मराठी पुस्तिकांत मात्र तिच्याचसाठीं “आर्थिक नुकसानीची पातळी” हा शब्द रूढ झाला आहे, आणि तो ऐकून कोणासही वाटावें कीं, नुकसान होऊं लागल्यावर फवारावयाचें. बोंडअळीच्या बाबतींत तर तोंवर अळी आंत गेलेली! नवा शब्द घडवावा, असा मोह आम्हांस झाला. “इशारापातळी” आम्हीं लिहूनही पाहिला. पण शेतकऱ्याच्या हातांत जी छापील घडीपत्रिका येते, तींत जुनाच शब्द असणार, आणि एका वस्तूस दोन नांवें झालीं कीं दोन वस्तू आहेत असा समज होतो. म्हणून शब्द तोच ठेविला, परंतु त्याची जागा बदलली: आधीं खूण, मग नांव. नुसतें नांव आधीं वाचून मनुष्य त्याचा अर्थ आपल्या मनानें लावतो. खूण आधीं कळली कीं नांवाला दुसरा अर्थ चिकटावयास जागा राहत नाहीं. आणि तोंडी सांगावयास कृषिसहायकाला एक दाखला दिला, जो आमच्या गांवीं कोणासही समजावून सांगावा लागत नाहीं. स्टेशनच्या बरेंच अलीकडे दूरचा सिग्नल असतो. तो पाहून ड्रायव्हर गाडी आंवरूं लागतो, तेव्हां कोठें ती पुढच्या थांबण्याच्या सिग्नलाशीं उभी राहते. तोच दिसल्यावर ब्रेक लावूं म्हणेल, तर गाडी पुढें गेलीच समजा. आठ पतंग हा दूरचा सिग्नल.

शेवटीं जी स्लाइड पडद्यावर गेली, ती अशी:

गुलाबी बोंडअळी: फवारणी केव्हां?
एकरीं २ कामगंध सापळे लावा
दर सापळ्यास दर रात्रीं ८ पतंग, सलग ३ रात्री
किंवा २० हिरव्या बोंडांपैकीं २ किडकीं
हीच आर्थिक नुकसानीची पातळी
आतां फवारा, उद्यां नको

मूळांत सापळे हेक्टरीं पांच होते. आमच्याकडे जमीन एकरांत मोजतात आणि पांचाला अडीचानें भागलें कीं दोन येतात, म्हणून पहिली ओळ तशी. दुसरी ओळ वीस अक्षरांची, कांठोकांठ भरलेली. ‘सरासरी’ हा शब्द तींत कांहीं केल्या बसेना. एका सापळ्यांत बारा आणि दुसऱ्यांत तीन आले तर काय, हें वक्त्यानें सांगावयाचें असें ठरलें, कारण ही शंका कोणीतरी हमखास काढतोच. पण ज्याच्याकडे नुसतें चित्र पोंचतें, त्याच्यासाठीं ही उणीव आहे, आणि आम्ही ती भरून काढूं शकलों नाहीं. शेवटची ओळ मूळांत नव्हती. ती कृषिसहायकाची, आणि तिच्यासाठीं आम्हीं डोमकळीची ओळ पुढच्या स्लाइडेवर नेली.

ऑगस्टअखेर ती पुन्हां सभामंडपांत लागली. संगणक दुसऱ्या कोणाचा होता, तरी अक्षरें बिघडलीं नाहींत. कारण युनिकोडमध्येंच टंकन केलें होतें आणि खबरदारी म्हणून पीडीएफ प्रतही बरोबर दिली होती. जुन्या धर्तीचा फाँट असता, तर त्या यंत्रावर मराठीच्या जागीं रोमन अक्षरांचा काला दिसला असता. आम्ही मुद्दाम शेवटच्या रांगेंत, त्या मुंग्यावाल्या गृहस्थांशेजारीं जाऊन बसलों. त्यांनीं डोळे बारीक करून पांचही ओळी मोठ्यानें वाचल्या, बोटांवर कांहीं हिशेब केला, आणि आमच्याकडे वळून विचारलें, “गुर्जी, माझं शेत पाऊण एकर. मंग सापळे किती, दीड?”